टप्प्याटप्प्याने लागू झालेले कायदे, डिफ-इन-डिफ आणि −३.०८ चा गुंता

मुग्धा_के

नमस्कार मंडळी. अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात सध्या एक जुना प्रश्न आम्हाला घरी सोडवायला दिला आहे आणि मी त्यात पुरती अडकले आहे.

अमेरिकेत १९६९ ते १९८५ या काळात एकामागून एक राज्यांनी घटस्फोटाचे कायदे बदलले. आधी जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागे किंवा त्याची संमती लागे. बदलानंतर एकट्याने अर्ज करून घटस्फोट मिळू लागला. कॅलिफोर्नियात हा कायदा १ जानेवारी १९७० पासून लागू झाला आणि सत्तरच्या दशकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत बहुतेक राज्ये त्या वाटेने गेली. स्टीव्हन्सन आणि वोल्फर्स यांनी २००६ मध्ये दाखवलं, की या बदलानंतर स्त्रियांच्या आत्महत्या कमी झाल्या. वाईट संसारातून बाहेर पडायची वाट मोकळी झाली, असा त्यामागचा तर्क.

मी १९६४ ते १९९६ चा राज्यवार डेटा घेतला, प्रत्येक राज्याला एक डमी, प्रत्येक वर्षाला एक डमी आणि 'कायदा लागू आहे का' हा ० किंवा १ चा चल टाकून डिफ-इन-डिफ रिग्रेशन चालवलं, म्हणजे कायदा आलेल्या राज्यांतला बदल आणि न आलेल्यांतला बदल यांमधला फरक. उत्तर −३.०८ आलं. म्हणजे दर दहा लाख स्त्रियांमागे सुमारे तीन आत्महत्या कमी. स्टँडर्ड एरर १.१३, त्यामुळे मी खूश.

सर म्हणाले, "हा आकडा कोणाची सरासरी आहे ते सांग, मग खूश हो." मला प्रश्नच कळला नाही. प्रत्येक राज्यात कायद्याचा काहीतरी परिणाम झाला असेल, कुठे कमी कुठे जास्त, आणि रिग्रेशनने त्यांची सरासरी काढली. सरासरी दिशाभूल कशी करेल?

---

सँडी_डेटावाला

सोपं आहे. प्रत्येक राज्यात परिणाम वेगळा असतो, त्यामुळे एक आकडा पुरत नाही. याला हेटरोजिनिटी म्हणतात. तू इव्हेंट स्टडी कर. कायद्याच्या आधीची पाच वर्षं, नंतरची दहा वर्षं, प्रत्येकाला डमी, आलेख काढ. आधीचे ठिपके शून्यावर असतील तर विषय संपला. आमच्याकडे कंपनीत सगळे असंच करतात.

---

वकीलसाहेब_नाशिक

मुग्धाताई, एक दुरुस्ती. एकतर्फी घटस्फोट आपल्याकडे हिंदू कायद्यात नाही. हिंदू विवाह कायद्यात कलम १३ब १९७६ च्या दुरुस्तीने आलं, पण ते परस्परसंमतीचं आहे, दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. एकट्याला अजूनही क्रूरता, परित्याग वगैरे कारण सिद्ध करावं लागतं. तुमच्या अभ्यासात भारताचा डेटा कसा बसवणार?

---

मुग्धा_के

वकीलसाहेब, डेटा अमेरिकेचाच आहे. प्रश्न कायद्याचा नाही, गणिताचा आहे. :)

---

तिरपागडा

वकीलसाहेबांचा प्रतिसाद चुकून का होईना कामाचा आहे. १३ब एका झटक्यात सगळीकडे आलं. अशा वेळी 'वर्षाचा परिणाम' आणि 'कायद्याचा परिणाम' वेगळा काढायला कुणी उरतच नाही. अमेरिकेत राज्यं वेगवेगळ्या वर्षी बदलली म्हणून तुलना शक्य झाली, आणि घोटाळाही तिथेच शिरला.

सँडी, राज्याराज्यांत परिणाम वेगळा असणं हा मूळ रोग नाही. समजा प्रत्येक राज्यात परिणाम वेगळा आहे, पण कायदा आला की एकदम येतो आणि कायम तेवढाच राहतो. मग टू-वे फिक्स्ड इफेक्ट्स, म्हणजे मुग्धाचं राज्य आणि वर्षाच्या डमींचं रिग्रेशन, जी सरासरी देईल ती विचित्र वजनांची असेल, पण निदान सरासरी असेल. रोग तेव्हा होतो जेव्हा परिणाम काळाबरोबर वाढत किंवा ओसरत जातो.

मुग्धा, कागदावर दोन राज्यं घे, तीन वर्षं घे. पहिल्या राज्यात कायदा दुसऱ्या वर्षी येतो, दुसऱ्या राज्यात तिसऱ्या वर्षी. कायदा नसता तर दोन्हीकडे आकडा कायम १० राहिला असता. कायदा आला की पहिल्या वर्षी २ ने वाढतो आणि दुसऱ्या वर्षापर्यंत एकूण वाढ ८ होते. म्हणजे पहिलं राज्य १०, १२, १८ आणि दुसरं १०, १०, १२. कायदा लागू असलेल्या तीन जागी खरे परिणाम २, ८ आणि २. सरासरी ४. आता हे चालव:

```r
d <- data.frame(
  rajya = rep(c("A","B"), each = 3),
  t     = rep(1:3, 2),
  D     = c(0,1,1, 0,0,1),
  y     = c(10,12,18, 10,10,12))
lm(y ~ D + factor(rajya) + factor(t), data = d)
```

`D` चा कोएफिशंट काय येतो ते इथे येऊन सांग.

---

मुग्धा_के

−१ आला!! तिन्ही जागी परिणाम धन आणि उत्तर ऋण? मी दोनदा टाइप करून बघितलं. डेटात नॉइजही नाही.

---

सँडी_डेटावाला

सहा ओळींचा डेटा आहे. सॅम्पल वाढवलं की जाईल हे.

---

तिरपागडा

सँडी, प्रत्येक ओळीच्या हजार प्रती कर. −१ च येईल, फक्त जास्त आत्मविश्वासाने. हा नमुन्याचा दोष नाही.

रिग्रेशन इथे दोन तुलना करतं आणि त्यांची निम्मी-निम्मी सरासरी काढतं.

पहिली तुलना वर्ष १ ते वर्ष २. A मध्ये कायदा आला, B अजून कोरं आहे. A दोनने वाढलं, B जागेवर. फरक +२. ही तुलना चोख.

दुसरी तुलना वर्ष २ ते वर्ष ३. आता B मध्ये कायदा आला. कंट्रोल कोण? उरलं फक्त A. A ची कायद्याची स्थिती या काळात बदलली नाही, १ होती आणि १ च राहिली. रिग्रेशनच्या लेखी ज्याची स्थिती बदलली नाही तो कंट्रोल. B दोनने वाढलं, A सहाने. फरक −४.

(+२ आणि −४) भागिले दोन, −१.

A ची ती सहाची वाढ खरं तर कायद्याचाच परिणाम होता, पिकत चाललेला. रिग्रेशनने तो 'तिसऱ्या वर्षी सगळीकडेच असं घडलं असतं' असं समजून B मधून वजा केला. उंची मोजायची पट्टीच वाढत असेल तर पोर खुजं दिसणारच.

---

मुग्धा_के

थांबा. A मध्ये आधीच कायदा आहे, तो कंट्रोल म्हणून वापरायचा हे मी कुठेच सांगितलेलं नाही. मला वाटत होतं की एकदा कायदा आला की ते राज्य ट्रीटमेंट गटात जातं आणि तुलना फक्त कायदा न आलेल्यांशी होते.

---

तिरपागडा

सगळ्यांना असंच वाटत होतं, आणि नुसतं विद्यार्थ्यांना नाही. वर्षानुवर्षं मोठमोठ्या नियतकालिकांत हे समीकरण छापून आलं आणि सगळे मनातल्या मनात तुझ्यासारखंच वाचत होते.

समीकरणात 'कंट्रोल' हा शब्द कुठेच नाही. वर्षाची डमी सगळ्या राज्यांच्या निरीक्षणांतून ठरते, कायदा लागू झालेल्यांच्याही. एका कायमच्या संख्येने सगळीकडचा परिणाम सांगता येतो असं तू समीकरणात लिहून दिलंस. मग A दुसऱ्या वर्षानंतर आणखी वाढतं ते कशामुळे, याला समीकरणाकडे एकच उत्तर उरतं. वर्षामुळे.

'सरासरी दिशाभूल कशी करेल' असं तू विचारलंस, त्याचं उत्तरही याच उदाहरणात आहे. −१ हा तीन खऱ्या परिणामांचा वजनी बेरीज-हिशेबच आहे. A च्या पहिल्या वर्षाला वजन १, B च्या पहिल्या वर्षाला अर्धा आणि A च्या दुसऱ्या वर्षाला उणे अर्धा. २ − ४ + १. वजनांची बेरीज १ भरते, म्हणून वरून सगळं ठीक दिसतं. पण ज्या जागी कायद्याचा परिणाम सगळ्यात मोठा, तिलाच ऋण वजन. डी शेझमार्टां आणि डॉल्टफी यांचा २०२० चा लेख या ऋण वजनांवरच आहे.

---

शिवारफेरी

इथे जरा वेगळा पण जवळचा प्रश्न टाकतो. आम्ही मराठवाड्यात एका संस्थेतर्फे जिल्हा परिषद शाळांमध्ये वाचनाचा कार्यक्रम चालवतो. पहिल्या वर्षी काही तालुके, पुढच्या वर्षी आणखी काही, तिसऱ्या वर्षी उरलेले सगळे. त्यानंतरही दोन वर्षं चाचण्या घेत राहिलो. पैसे देणाऱ्यांनी नेमलेल्या सल्लागाराने नेमकं हेच रिग्रेशन चालवून 'परिणाम जवळजवळ शून्य' असा अहवाल दिला. शाळेत जाऊन बघणाऱ्या कुणालाही पटणार नाही. मुलं पहिल्या वर्षी फार पुढे जात नाहीत, शिक्षकांना सवय लागायलाच वर्ष जातं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फरक दिसतो. म्हणजे आमचा कार्यक्रम चांगला होता आणि गणित वाईट, असं म्हणू ना?

---

तिरपागडा

असं लगेच म्हणू नका. गणित वाईट होतं यावरून कार्यक्रम चांगला होता हे निघत नाही. पण तुम्ही सांगता तशी हळूहळू वाढ असेल तर हे रिग्रेशन तुमच्याविरुद्ध झुकलेलं असणार, हे नक्की.

शेवटच्या दोन वर्षांकडे बघा. तेव्हा सगळ्या तालुक्यांत कार्यक्रम होता. त्या वर्षांत एकही कोरा तालुका नाही. तो डेटा रिग्रेशनमध्ये घातल्यावर नवीन माहिती काही आली नाही, फक्त 'आधी सुरू झालेल्यांना पट्टी धरून उशिरा सुरू झालेल्यांना मोजणं' वाढलं. तिसऱ्या टप्प्याचे तालुके जोवर थांबलेले होते तोवरचाच काळ घ्या आणि पहिल्या व दुसऱ्या टप्प्याची तुलना त्या थांबलेल्यांशी करा. म्हणजे तुम्हाला पहिल्या टप्प्याचा दोन वर्षांचा परिणाम मिळेल आणि दुसऱ्याचा एका वर्षाचा. तिसऱ्या टप्प्याचा परिणाम या डेटातून निघत नाही. कुठलंच सॉफ्टवेअर तो काढून देणार नाही.

आणि एक विचारतो. पहिल्या टप्प्याचे तालुके कसे निवडले?

---

शिवारफेरी

खरं सांगायचं तर जिथले गटशिक्षणाधिकारी उत्साही होते तिथून सुरुवात केली.

---

तिरपागडा

मग तुमचा मोठा प्रश्न वजनांचा नाही. उत्साही अधिकाऱ्याच्या तालुक्यात कार्यक्रमाशिवायही मुलं पुढे जात असतील. कार्यक्रमाच्या आधीच्या दोन-तीन वर्षांच्या चाचण्या असतील तर त्या काढा. नसतील तर अहवालाशी भांडायला तुमच्याकडेही फारसं काही नाही.

---

सँडी_डेटावाला

याला सोपा उपाय आहे. प्रत्येक राज्याला स्वतःचा सरळ रेषेतला ट्रेंड द्या. ज्याची वाढ जास्त त्याचा उतार जास्त, ती आपोआप वजा होते. रेफरी लोक नेहमी हेच मागतात.

---

तिरपागडा

मागतात खरे. आणि मुग्धाच्याच विषयावर हा उपाय अंगाशी आलेला आहे.

फ्रिडबर्ग यांनी १९९८ मध्ये याच कायद्यांचा घटस्फोटाच्या प्रमाणावर काय परिणाम झाला ते काढलं. डेटा १९६८ ते १९८८ चा. राज्यांचे स्वतंत्र ट्रेंड टाकल्यावर उत्तर आलं की कायद्यामुळे घटस्फोट वाढले आणि वाढूनच राहिले. बहुतेक राज्यांनी १९७० च्या आसपास कायदा बदलला, म्हणजे आधीची वर्षं जेमतेम दोन-चार. मग त्या राज्याचा ट्रेंड कुठल्या वर्षांतून ठरला? कायद्यानंतरच्याच. वोल्फर्स यांनी २००६ मध्ये डेटा १९५६ पर्यंत मागे नेला आणि परिणामाला काळाबरोबर बदलायची मोकळीक दिली. चित्र पालटलं. कायदा आल्यावर पहिल्या काही वर्षांत घटस्फोट एकदम वाढतात, तुंबलेले संसार मोडतात, आणि दहाएक वर्षांत ती वाढ विरते.

परिणाम चढून उतरतो. सरळ रेषेच्या ट्रेंडने त्यातला उतार गिळला आणि उरलेली पायरी 'कायमचा परिणाम' म्हणून दाखवली. सँडी, तुमचा ट्रेंड कायद्याआधीच्या वर्षांतून ठरत असेल तर एक वेळ चालेल. सगळी वर्षं एकत्र घातली तर जे मोजायचं तेच तो वजा करतो.

---

मुग्धा_के

मग माझं −३.०८ कुठल्या तुलनांमधून आलं हे बघता येतं का? दोन राज्यं, तीन वर्षं ठीक. इथे बारा वेगवेगळी वर्षं आहेत कायदा लागू होण्याची.

---

तिरपागडा

येतं. अँड्र्यू गुडमन-बेकन यांनी २०२१ च्या लेखात नेमका हाच डेटा, हेच −३.०८ घेऊन ते उकलून दाखवलं आहे. बारा गट आपापसात प्रत्येकी दोन दिशांनी, म्हणजे १३२ जोड्या. शिवाय प्रत्येक गट दोन प्रकारच्या न बदलणाऱ्या राज्यांशी, ज्यांनी कायदा कधीच बदलला नाही आणि ज्यांनी १९६४ च्या आधीच बदलला होता. त्या २४. एकूण १५६ छोट्या तुलना, आणि −३.०८ ही त्यांची वजनी सरासरी. आर मध्ये:

```r
library(bacondecomp)
b <- bacon(y ~ D, data = d,
           id_var = "rajya", time_var = "t")
b
```

आधी खेळण्याच्या डेटावर चालवून बघ, +२ आणि −४ वेगळे दिसतील. मग खऱ्या डेटावर चालव.

---

मुग्धा_के

चालवलं. लेखातल्या तक्त्याशी जुळलं. गटवार लिहिते, बाकीच्यांना सोयीचं होईल.

कधीच न बदललेल्या राज्यांशी तुलना: वजन ०.२४, सरासरी −५.३३.
१९६४ आधीच बदललेल्यांशी: वजन ०.३८, सरासरी −७.०४.
आधी बदललेले विरुद्ध अजून न बदललेले: वजन ०.११, सरासरी −०.१९.
उशिरा बदललेले विरुद्ध आधीच बदललेले: वजन ०.२६, सरासरी +३.५१.

शेवटची ओळ बघून अंगावर काटा आला. पाव वजन अशा तुलनांना, ज्या सांगतात की कायद्यामुळे आत्महत्या वाढल्या!

---

तिरपागडा

त्या तसं सांगत नाहीत. १९७० च्या राज्यांत आत्महत्या पुढेही कमी होत राहिल्या. १९७७ ला बदललेल्या राज्याला त्यांच्याशी मोजलं की ते मागे पडलेलं दिसतं. खेळण्यातला −४ इथे उलट्या चिन्हाने आला आहे एवढंच, कारण खरा परिणाम इथे ऋण आहे.

ती ओळ काढून उरलेल्यांची वजनं पुन्हा एकावर आणलीस तर सुमारे −५.४ येतं. म्हणजे तुझं −३.०८ खरा परिणाम बराच कमी दाखवत होतं. इथे चिन्ह वाचलं ते नशीब.

---

रोहयो_वाचक

शांतपणे वाचत होते, आता राहवत नाही. मनरेगावर भारतात ढीगभर अभ्यास याच पद्धतीने झाले आहेत. फेब्रुवारी २००६ ला २०० जिल्हे, २००७ मध्ये आणखी १३०, आणि एप्रिल २००८ पासून उरलेले सगळे. शिवारफेरींच्या तालुक्यांसारखंच. २००८ नंतर एकही कोरा जिल्हा नाही, तरी लोक २०१२ पर्यंतचा डेटा घालून 'दीर्घकालीन परिणाम' काढतात. वर पहिल्या टप्प्याचे जिल्हे मागासलेपणाच्या निकषावर निवडलेले.

त्यात महाराष्ट्राची आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे रोजगार हमी बहात्तरच्या दुष्काळापासून, आणि कायदा १९७७ चा, १९७९ पासून लागू. मग २००६ ला गडचिरोलीला 'ट्रीटमेंट मिळाली' असं लिहायचं, की ती तीस वर्षांपूर्वीच मिळाली होती?

---

वकीलसाहेब_नाशिक

कायद्याच्या दृष्टीने दोन्ही. केंद्राच्या २००५ च्या कायद्यात कलम २८ होतं, राज्याचा कायदा निदान तेवढीच हमी देत असेल तर तोच चालू ठेवायची मुभा.

---

मृण्मयी_टोरांटो

रोहयोताईंचा मुद्दा मुग्धाच्या तक्त्याला थेट लागतो, आणि तिरपागडा, तिथे मला तुमचं −५.४ पटत नाही.

तुम्ही 'उशिरा विरुद्ध आधीच' ही ओळ काढली, कारण तिथे कंट्रोल आधीच कायदा लागू झालेला आहे. मग १९६४ आधीच बदललेली राज्यं का ठेवली? तीही आधीच लागू झालेलीच आहेत. त्यांना सगळ्यात जास्त वजन, ०.३८, आणि सगळ्यात मोठा आकडा, −७.०४. तीही ओळ काढा. उरतात −५.३३ आणि −०.१९. हिशेब केला तर साधारण −३.७ येतं. म्हणजे मूळ −३.०८ पासून फारसं लांब नाही. 'रिग्रेशन खरा परिणाम बराच कमी दाखवत होतं' ही कथा त्या एका ओळीवर उभी आहे.

---

तिरपागडा

मुद्दा रास्त, पण दोन गट सारखे नाहीत. आधीच लागू असणं हे कंट्रोलला अपात्र ठरवत नाही, परिणाम अजून बदलत असणं ठरवतं. ज्या राज्याचा परिणाम १९६४ पर्यंत पिकून स्थिर झाला आहे, त्याचा तो स्थिर भाग राज्याच्या डमीत जातो आणि तुलना बिघडत नाही. १९७१ चं राज्य १९७७ ला अजून बदलत असतं.

शिवाय तुमच्या −३.७ मध्ये −०.१९ ला जवळजवळ एक तृतीयांश वजन गेलं. त्या तुलनेची खिडकी बघा. १९७१ चं राज्य १९७३ च्या राज्याशी मोजायचं तर कायद्यानंतरची दोनच वर्षं मिळतात. परिणामाला वाढायला वेळच नाही. ती तुलना खोटी नाही, पण ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते, पहिल्या एक-दोन वर्षांत काय झालं याचं.

---

मृण्मयी_टोरांटो

'पिकून स्थिर झाला' हे तुम्ही गृहीत धरताय, डेटात ते तपासता येत नाही. त्या राज्यांचा कायद्याआधीचा काळ आपल्याकडे नाहीच. महाराष्ट्राची रोजगार हमी १९७९ नंतर स्थिर होती असं कुणी म्हटलं तर रोहयोताई हसतील.

---

रोहयो_वाचक

हसेन. १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झालं तेव्हा योजनेत नाव मिळणंच अवघड होऊन बसलं होतं. स्थिर कसली.

---

तिरपागडा

मान्य, तपासता येत नाही. मी ती राज्यं ठेवेन, तुम्ही काढाल, आणि दोघांनी दोन्ही आकडे छापावेत. पण −३.७ असो की −५.४, दोन्हीत जुन्या रिग्रेशनचीच वजनं बसली आहेत. त्या वजनांना धोरणाशी काही देणंघेणं नाही. जे राज्य डेटाच्या कालखंडाच्या मध्याजवळ बदलतं त्याला जास्त वजन, टोकाला बदलणाऱ्याला कमी. उद्या मुग्धाने १९९६ ऐवजी २००६ पर्यंतचा डेटा घेतला तर कुठल्याही राज्यात काहीही न बदलता वजनं सरकतील आणि आकडाही. म्हणून उकल ही निदानापुरती. आकडा काढायला दुसरी वाट घ्यावी.

---

सँडी_डेटावाला

म्हणजे शेवटी इव्हेंट स्टडीच ना? मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

---

तिरपागडा

अर्धं सांगितलं होतंत. परिणामाला वर्षागणिक मोकळं सोडायचं, हे बरोबर. सगळ्या राज्यांचा परिणाम एकाच आकाराने चढत असेल आणि कधीच न बदललेली राज्यं हाताशी असतील तर तुमचा साधा आलेख चालेल. पण १९७० च्या राज्यांत परिणाम झपाट्याने आणि १९८० च्या राज्यांत संथ आला असेल, तर आलेखातल्या एका ठिपक्यात दुसऱ्या वर्षांचे परिणाम मिसळतात. लियांग सन आणि सारा एब्रहम यांनी २०२१ मध्ये हे दाखवलं. सगळ्यात वाईट म्हणजे ही भेसळ कायद्याआधीच्या ठिपक्यांतही शिरते. तुम्ही ज्या शून्यांकडे बघून 'विषय संपला' म्हणता, ते शून्यही खरे असतील असं नाही, आणि शून्य नसतील तर दोष समांतर ट्रेंडचाच, म्हणजे कायदा नसता तर सगळी राज्यं सारखीच बदलली असती या गृहीतकाचाच, असेल असंही नाही.

---

मुग्धा_के

मग मी नेमकं काय चालवू?

---

तिरपागडा

कॅलवे आणि संतआना यांची पद्धत घे, तुला सर्वांत सहज कळेल. प्रत्येक गट आणि प्रत्येक वर्ष वेगळं. १९७३ च्या गटाचा १९७८ मधला परिणाम हवा? १९७२ ते १९७८ मधला त्यांचा बदल घे आणि त्यातून १९७८ पर्यंत कायदा न आलेल्यांचा बदल वजा कर. बस. असे सगळे तुकडे आधी काढायचे आणि मग त्यांची सरासरी कशी काढायची ते तू ठरवायचं. राज्यांच्या संख्येनुसार, की कायद्यानंतर पाचव्या वर्षी सरासरी किती, की आणखी काही. सरांच्या 'कोणाची सरासरी' या प्रश्नाला तेव्हा उत्तर देता येईल.

```r
library(did)
m <- att_gt(yname = "asmrs", tname = "year",
            idname = "stfips", gname = "kayda_varsh",
            control_group = "notyettreated", data = dd)
aggte(m, type = "dynamic")
```

`asmrs` म्हणजे आत्महत्यांचं प्रमाण, `stfips` म्हणजे राज्याचा क्रमांक. `kayda_varsh` मध्ये कायदा आला ते वर्ष, आणि कधीच न बदललेल्यांना ० टाक.

---

शिवारफेरी

आमच्याकडे कधीच न बदललेला तालुका नाही. चालेल का हे?

---

मृण्मयी_टोरांटो

`notyettreated` ठेवलंत तर चालेल, पण तिसरा टप्पा सुरू झाल्याच्या पुढचं काही मिळणार नाही. तिरपागडांनी हाताने सांगितलं तेच हे करतं.

---

मुग्धा_के

चालवलं. १९६४ आधीची राज्यं त्याने स्वतःच बाजूला काढली, पहिल्या वर्षीच ट्रीटमेंट असलेली वगळतो असा इशारा दिला. म्हणजे सॉफ्टवेअरने मृण्मयीताईंची बाजू घेतली. :) आलेख हळूहळू खाली जातो हे दिसतं, पण कायद्यानंतर पंधरा वर्षांच्या पुढे अनिश्चिततेचे पट्टे इतके रुंद होतात की शून्यही त्यात मावतं. −३.०८ चा स्टँडर्ड एरर १.१३ होता, ते किती नीटनेटकं दिसत होतं.

---

मृण्मयी_टोरांटो

तो नीटनेटकेपणा आधीच कायदा आलेल्यांना कंट्रोल धरणाऱ्या वर्ज्य तुलनांमधून आला होता. १९८५ नंतर तुझ्याकडे कंट्रोल म्हणून फक्त कधीच न बदललेली पाच राज्यं उरतात. त्यांच्यात न्यूयॉर्क आहे का बघ. त्यांनी कायदा २०१० ला बदलला, म्हणजे तुझ्या डेटात ते कायम कोरं. पाचांत एवढं मोठं एक राज्य असेल तर लोकसंख्येचं वजन देणं-न देणं याने खूप फरक पडेल. दोन्ही करून बघ.

---

सँडी_डेटावाला

पाच राज्यांवर स्टँडर्ड एरर तरी विश्वासाचे असतात का?

---

तिरपागडा

सँडी, हा या धाग्यातला तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न. पाच क्लस्टरांवर नेहमीची सूत्रं डगमगतात. मी अशा वेळी एकेक कंट्रोल राज्य काढून आलेख पुन्हा काढतो. एखादं काढल्यावर रेषा उडी मारत असेल तर ते लिहून टाकतो. याहून बरं काही कुणी करत असेल तर मलाही ऐकायचं आहे.

---

मुग्धा_के

न्यूयॉर्क आहे त्या पाचांत. काढून चालवतेय, रात्री आलेख टाकते.